लाभ, दोन, तीन

आप्पांनी फोनवर सांगितलं ते एवढंच : "तू जाहिरातीतच आहेस ना? मग एखादं झकास नाव काढून दे. कार्ड छापायचंय. गिऱ्हाईक परत परत आलं की त्याला काहीतरी द्यायचं. नावाखाली एक ओळही पाहिजे, बँकावाले घालतात तसली."

सांगलीच्या गावभागात आमच्या घरापासून चार घरांवर आप्पांचं किराणा दुकान आहे. लहानपणी चिठ्ठी घेऊन सामान आणायला मीच जायचे. आता पुण्यात एका जाहिरात कंपनीत नावं आणि ओळी लिहिणं हेच माझं काम आहे, त्यामुळे मला वाटलं, हे एका संध्याकाळचं काम. त्याला सात आठवडे लागले.

पहिल्याच रात्री मी चाळीस नावं लिहून काढली आणि शनिवारी सांगलीला जाऊन आप्पांसमोर ठेवली. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि विचारलं, "द्यायचं किती ते ठरलंय का?" ठरलं नव्हतं. ते ठरवायचं असतं हे मला माहीत होतं, पण कंपनीत तो आकडा दुसरं कुणीतरी ठरवून आमच्याकडे पाठवतं. इथे तो आकडा आप्पांच्या गल्ल्यात होता आणि तो काढल्याशिवाय नाव सुचवण्यात अर्थ नव्हता.

मग रविवारची दुपार वह्यांवर गेली. साखर आणि तेलात शंभराला दोन-तीन रुपये सुटतात, कधी तेवढेही नाहीत. सुट्या डाळी, शेंगदाणे, पोहे, रवा यांत आठ-दहा. साबण, बिस्किटं, मसाले यांत कंपनी देईल तेवढे. सगळं मिळून आप्पांच्या दुकानाची सरासरी शंभराला साधारण नऊ रुपये निघाली, आणि त्यातूनच वीज, पोऱ्याचा पगार, उंदरांनी फोडलेली पोती आणि बुडालेली उधारी निघायची. मी सहज म्हटलं, "दोन टक्के देऊन टाकू." आप्पा म्हणाले, "दोन टक्के विक्रीचे. माझ्या नवातले दोन गेले तर जवळजवळ चौथा हिस्सा गेला की गं." हिशेब बरोबर होता. शेवटी शंभराला दीड-पावणेदोनच्या आसपास थांबायचं ठरलं.

एवढ्याने माझ्या चाळीसपैकी निम्मी नावं गळाली. 'महाबचत', 'बंपर', 'धनलाभ', 'खजिना' हे शब्द ऐकणाऱ्याला मोठं काहीतरी मिळणार असं वाटतं, आणि हातात पडणार पन्नास-साठ रुपयांचा माल. नाव म्हणजे किती मिळणार याचा अंदाजच असतो. तो अंदाज मोठा निघाला की मिळालेली वस्तू चांगली असूनही माणूस खट्टू होऊन घरी जातो. पुण्यात मी हेच नेमकं उलटं करून पगार घेते, पण तिथे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात कोथिंबीर मागायला येत नाही.

दुसरा प्रश्न होता, परत येणं म्हणजे काय? आप्पांच्या डोक्यात होतं की प्रत्येक फेरीला एक शिक्का मारायचा. पण वहीत दिसत होतं ते वेगळंच. लोक येत होते, पूर्वीइतकेच येत होते. फक्त महिन्याची यादी यायची बंद झाली होती. नवं मोठं दुकान झाल्यापासून तेल, तांदूळ, डाळ, साबण महिन्यातून एकदा तिकडून येत होतं आणि आप्पांकडे उरलं होतं ते मीठ संपलं, पाव पाहिजे, दहाचा कढीपत्ता. एका घराचं वर्षापूर्वी महिन्याला साडेतीन हजारांचं खातं होतं, ते नऊशेवर आलं होतं, फेऱ्या मात्र वाढल्या होत्या. फेरीला शिक्का मारला असता तर कढीपत्त्यालाच बक्षीस मिळालं असतं. म्हणून शिक्का रकमेवर ठेवला : तीनशे रुपयांच्या खरेदीला एक. अकरा शिक्के म्हणजे तीन हजार तीनशे, एका चौकोनी घराची महिन्याची यादी.

साखर-तेल त्यातून वगळावं असं मला वाटत होतं, कारण तिथे सुटतंच काय? आप्पांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, ते हाणून पाडलं. "गल्ल्यावर उभं राहून हे धर, ते धरू नको असं कोण सांगत बसणार? भांडणं होतील." त्या स्वतः सकाळी गल्ल्यावर असतात. नियम एकच राहिला.

बक्षीस काय, हे मात्र चटकन ठरलं. अर्धा किलो गूळ आणि पावशेर शेंगदाणे. बाजारात पासष्टच्या आसपास, आप्पांना पडतं पंचावन्नला. आलेल्या माणसाच्या हातावर आपल्याकडे गूळ-शेंगदाणेच ठेवतात, आणि सुटा माल असल्याने छापील किमतीशी कुणी ताडून बघत नाही. तीन हजार तीनशेवर पंचावन्न, म्हणजे शंभराला एक रुपया सदुसष्ट पैसे. बसलं.

आता नाव. कंपनीत आम्ही नाव ठरवताना ते मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावतो आणि लांबून बघतो. इथे ते बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. म्हणून मी दोन सकाळी काकींच्या शेजारी स्टुलावर बसले आणि लोक काय बोलतात ते लिहून घेतलं. कुणी 'पॉइंट' म्हणत नव्हतं, कुणी 'सदस्य' म्हणत नव्हतं. म्हणत होते, "वर चार दाणे टाका की", "सुट्टे नसले तर राहू देत, उद्या देते", "वहीत मांडा", "माप बघून घाला". प्रत्येक नाव मी दोन वाक्यांत बसवून बघायला लागले. एक गिऱ्हाइकाचं : "माझं अमुक भरलं, गूळ द्या." दुसरं पोऱ्याने गर्दीतून ओरडून विचारायचं : "वहिनी, अमुक आणलंय का?" या दोन वाक्यांत जे अडखळतं ते कागदावर कितीही देखणं दिसो, दुकानात चालत नाही.

"वर चार दाणे टाका" यावरून मला 'वरचं' सुचलं आणि मी फार खूश झाले. छोटं, आपलं, गल्ल्यावरचंच. खालची ओळसुद्धा जमली होती : 'मापाच्या वरचं, मनापासूनचं'. शेजारच्या तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले काका साबण घ्यायला आले होते, त्यांना ऐकवलं. ते हसायलाच लागले. "वरचं? आप्पा, तुम्हीपण वरचं द्यायला लागलात?" वरची कमाई, वरचे पैसे! मला कशी आठवली नाही कोण जाणे. नाव तिथेच संपलं.

मग 'घरोबा'. हा माझा सगळ्यात लाडका शब्द होता. दुकानाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, सगळं एका शब्दात. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना तो अतोनात आवडला. काकींनी मान खाली घातली आणि पदराआड हसल्या. "अगं, आमच्याकडं 'त्यानं दुसरा घरोबा केला' म्हणतात. बायका कार्ड घेऊन घरी जातील नि सासू विचारेल, कुणाशी?" हा अर्थ मला माहीत होता, पण पुण्यात तो शब्द आता बिल्डरांच्या जाहिरातींत इतका धुऊन निघालाय की जुना डाग दिसेनासा झालाय. गावभागात दिसतो.

'मानकरी' हे नाव आप्पांनी स्वतः नाकारलं. मोठ्या दुकानांच्या योजना गिऱ्हाइकालाच पदवी देतात. शॉपर्स स्टॉपची 'फर्स्ट सिटिझन' ही त्यातली जुनी. तसं काही मराठीत करावं म्हणून मी हे काढलं होतं. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "जत्रेत मान कुणाचा यावरून आमच्या गावात तीन वर्षं पालखी थांबली होती. दुकानात कुणाला मान आणि कुणाला नाही, हे मला नको." यावर मी काय बोलणार? गावातला मान कुणाच्या वाट्याला येत आलाय आणि कुणाच्या नाही, हे पुण्याच्या काचेच्या खोलीत बसून विसरायला होतं.

'झुकतं माप' जवळजवळ पक्कं झालं होतं. तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकतो, चित्रही सुंदर निघालं असतं. पण आप्पांचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी घ्यावा लागतो, आणि त्यांच्या दृष्टीने मापाचं गणित एकच : ते चोख असावं. "झुकतं लिहिलं की लोक म्हणतील, म्हणजे आधी उचललेलं होतं काय?" दुकानदाराने स्वतःच्या मापाबद्दल कुठलाही विनोद करायचा नसतो, हे मी वहीत लिहून ठेवलं.

पाचव्या आठवड्यात मी हात टेकायच्या बेतात होते. त्या रविवारी आप्पांच्या शेतातली ज्वारी घरी आली होती. अंगणात आप्पांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, पितळी अधोलीने ज्वारी मोजून पोत्यात भरत होत्या. दुकानात किलो-ग्रॅम आले तरी घरची ज्वारी त्यांच्या हिशेबी दोन अधोल्यांची पायली अशीच मोजली जाते. पहिली अधोली ओतताना त्या म्हणाल्या, "लाभ." मग "दोन", मग "तीन".

धान्य मोजताना 'एक' म्हणायचं नाही, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल. पण त्या दिवशी ती ऐकताना मला एकदम कार्ड दिसलं. बारा चौकोन. पहिल्या चौकोनात '१' नाही, 'लाभ' छापलेलं, आणि कार्ड हातात पडतानाच त्यावर शिक्का मारलेला. पुढे २, ३, ४ असं बारापर्यंत. गिऱ्हाइकाने भरायचे अकराच.

फुकटच्या पहिल्या शिक्क्यामागे नुसता लाडिकपणा नाही. जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ या दोन अभ्यासकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला, अमेरिकेतल्या एका मोटार धुण्याच्या केंद्रावरचा प्रयोग मी कामानिमित्त वाचला होता. निम्म्या लोकांना आठ चौकोनांचं कोरं कार्ड दिलं, निम्म्यांना दहा चौकोनांचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही गाडी आठदाच धुवायची होती. कोरं कार्ड 19 टक्के लोकांनी पुरं केलं, सुरुवात झालेलं 34 टक्क्यांनी. काम सुरू झालेलं दिसलं की माणूस ते टाकून देत नाही. असे फुकटचे शिक्के देताना काहीतरी निमित्त सांगावं लागतं. इथे निमित्त आपल्या मोजणीतच होतं.

नाव ठरलं : 'लाभ, दोन, तीन'. नुसतं 'लाभ' ठेवलं नाही, कारण 'लाभ कार्ड' म्हटलं की सरकारी योजना वाटते आणि लोक आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणतील. शिवाय दुकानात 'लाभ' म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर गल्ल्यावरचं 'शुभ-लाभ' येतं, आणि तो लाभ दुकानदाराचा असतो. 'दोन, तीन' जोडलं की तो मोजणीतला शब्द होतो. वाक्यांची परीक्षा मात्र हे नाव काठावर पास झालं. "माझं लाभ-दोन-तीन भरलं" असं कोण म्हणेल? हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण नाव इतकं आवडलं होतं की मी त्याकडे काणाडोळा केला.

व्यापारचिन्ह नोंदवायचं का, हेही बघितलं. किरकोळ विक्रीच्या सेवा 35व्या वर्गात येतात, नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोध घेता येतो. 'लाभ' शब्द असलेली चिन्हं तिथे भरपूर आहेत, आणि असा सर्रास वापरातला शब्द कुणा एकाच्या मालकीचा होणं अवघडच. एकट्या व्यापाऱ्याला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचे 4,500 रुपये पडतात. आप्पांनी ते ऐकून विचारलं, "त्यात गूळ किती येईल?" विषय मिटला. एका गल्लीतल्या कार्डाला त्याची गरजही नव्हती.

ओळ ही नावापेक्षा अवघड निघाली. आप्पांची पहिली सूचना होती, 'रोख खरेदी, रोख लाभ'. पण त्यांची चाळीसेक घरं खात्यावर आहेत. पगार झाला की भरतात, वर्षानुवर्षं भरतात, आणि खरी नेहमीची गिऱ्हाइकं तीच. त्यांना हातातल्या कार्डावर रोज टोचणी कशाला? त्यावरून एक नियमही सापडला : शिक्का सामान नेताना नाही, पैसे भरताना मारायचा. खातं मिटवलं की एकदम दहा-अकरा शिक्के. कुणाला न दुखवता उधारी वेळेवर यायला त्याची मदत झाली.

मी लिहिलेली ओळ होती, 'पहिलं माप आमच्याकडून'. ज्वारीच्या अधोलीशी जुळणारी, बोलायला सोपी. तीनशे कार्डं छापली. पहिल्याच दिवशी दोन बायका पिशवी पुढे करून म्हणाल्या, "पहिलं माप तुमच्याकडून ना? मग तांदूळ घाला." त्या चेष्टा करत नव्हत्या. कार्डावर तसंच लिहिलं होतं. माप म्हणजे दुकानात मालच, ते आम्हाला सोडून सगळ्यांना कळत होतं. मी ती ओळ अंगणात ऐकलेल्या आवाजात वाचत होते, त्या दुकानात उभ्या राहून वाचत होत्या.

त्याच कार्डांनी दुसराही धडा दिला. मी ती चकचकीत लॅमिनेशन करून घेतली होती, टिकाऊ व्हावीत म्हणून. शिक्क्याची शाई त्यावर वाळेना. पाकिटात जाऊन पुसली जायची, नाहीतर नोटेवर उमटायची. शिवाय मी निवडलेलं अक्षरवळण फार नाजूक होतं, त्यामुळे लहान चौकोनात 'लाभ'चा 'भ' फुटला आणि 'लाम' वाचलं जायला लागलं. छापखान्याच्या मालकांनी पडद्यावर नाही, खऱ्या आकारात एक प्रत काढून बघायला सांगितलं होतं. मी घाईत होते.

उरलेली कार्डं आप्पांनी मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब करायला घेतली. दुसरी खेप साध्या, न चकाकणाऱ्या जाड कागदावर काढली, 'भ'ची गाठ ठळक असलेल्या अक्षरात, आणि ओळ बदलून : 'पहिला शिक्का दुकानाचा'. यात कुठेही कविता नाही. पण कार्डावर जे दिसतं तेच वाक्यात आहे, आणि त्यावरून कुणी तांदूळ मागू शकत नाही. शिक्का खास करून घेतला, कारण तारखेचा साधा शिक्का कुणालाही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. काकी त्यावर पेनाने बारीक टिंबही देतात.

तीन महिन्यांनी मी वही पाहिली. साधारण दोनशे साठ कार्डं वाटली गेली होती, चौऱ्याहत्तर भरून परत आली होती. ती बहुतेक खात्यावरच्या घरांची. नऊशेवर आलेलं ते घर अठराशेपर्यंत चढलं होतं, साडेतीन हजारांवर नाही. बिल दोनशे चाळीस झालं की लोक स्वतःच म्हणतात, "साठचं अजून काय घेऊ?" आणि एक साबण वाढतो. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं बिल कधी तीनशेला पोचतच नाही. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आप्पा आता त्यांच्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने रकमा मांडतात आणि बेरीज तीनशे झाली की शिक्का मारतात. नियमात हे नाही. छापूही नको म्हणाले, नाहीतर सगळेच मागतील.

आणि नाव? तीन महिन्यांत 'लाभ, दोन, तीन' हे एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकू आलं नाही. सगळे म्हणतात, 'गुळाचं कार्ड'. "गुळाचं कार्ड आणलंय का?" "माझं गुळाचं कार्ड भरलं." दोन्ही वाक्यांत ते लोण्यासारखं बसतं. माझ्या चाळीस नावांत ते नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या खेपेसाठी आप्पांचा फोन आला. वर मोठ्या अक्षरात 'गुळाचं कार्ड' छापायचं, खालची ओळ तीच ठेवायची. पहिल्या चौकोनाचं काय, एक घालू का, असं मी विचारलं. "एक कशाला? लाभच. आई बघते ना." मी फाइल पाठवली आणि छापखान्याला सांगितलं, आधी एक प्रत खऱ्या आकारात.